जाण्याचा रस्ता एक, परतीचे अनेक

कॉलेजच्या कार्यालयात इंटरनेट नीट चालतं, संगणक प्रयोगशाळेतही चालतं, पण वाचनालयात नव्यानं बसवलेल्या संगणकांवर एकही पान उघडत नाही. केबल ठीक असते. संगणकाला आयपी पत्ता मिळालेला असतो. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला तर त्यांच्या बाजूनं सगळं सुरळीत असतं. स्विचचं काम पाहणारा माणूस स्विचवरूनच बाहेरच्या पत्त्याला पिंग करून दाखवतो आणि उत्तरही येतं. अशा वेळी बिघाड बहुधा वायरीत नसतो, यंत्रातही नसतो. वाचनालयातून निघालेली विनंती फायरवॉलपर्यंत पोहोचलेली असते. वाचनालय कुठल्या बाजूला आहे हे मात्र फायरवॉलला कुणी सांगितलेलं नसतं.

शाळा, रुग्णालयं, पतसंस्था, छोटे कारखाने अशा अनेक ठिकाणी आता एकाच इमारतीत संगणकांचे वेगवेगळे गट असतात. काही गटांना इंटरनेट हवं असतं, काहींना मुद्दाम द्यायचं नसतं. अशा मांडणीत मध्यभागी एक लेयर थ्री स्विच असतो आणि इंटरनेटच्या तोंडाशी एक फायरवॉल. या दोघांमधल्या रस्त्यांची आखणी जेमतेम दहा-बारा ओळींची असते, पण तिच्यात एक गोष्ट नेहमी गल्लत करते: रस्ता असणं आणि जायची परवानगी असणं. या दोन वेगळ्या बाबी आहेत, त्या वेगळ्या जागी लिहायच्या असतात आणि एकीचं काम दुसरीकडून करून घ्यायला गेलं की पुढं गुंता होतो.

नमुना म्हणून तालुक्याच्या गावातलं एक मध्यम आकाराचं कॉलेज घेऊ. तिथं संगणकांचे चार गट आहेत. अशा प्रत्येक गटाला व्हीलॅन म्हणतात. स्विच तोच, पण आतून त्याचे वेगवेगळे कप्पे केलेले. एका कप्प्यातला संगणक दुसऱ्या कप्प्यातल्याशी थेट बोलू शकत नाही. व्हीलॅन १० म्हणजे कार्यालय, २० म्हणजे प्रयोगशाळा, ३० म्हणजे सीसीटीव्ही कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र, ४० म्हणजे हजेरीची यंत्रं आणि प्रिंटर. कार्यालयाला `10.10.10.0/24` ही पत्त्यांची रांग दिली आहे, प्रयोगशाळेला `10.10.20.0/24`, आणि याच चालीनं पुढं. शेवटचं `/24` एवढंच सांगतं की पहिले तीन आकडे त्या गटात सगळ्यांचे सारखे आणि चौथा प्रत्येकाचा आपापला. तिसरा आकडा आणि व्हीलॅनचा क्रमांक एकच ठेवायची चाल तंत्रदृष्ट्या आवश्यक नाही, पण रात्री अकरा वाजता बिघाड शोधणाऱ्याला तिचा फार आधार होतो.

लेयर थ्री स्विचला प्रत्येक व्हीलॅनमध्ये स्वतःचा एक पत्ता असतो. कार्यालयात तो `10.10.10.1`, कॅमेऱ्यांकडे `10.10.30.1`. संगणकाच्या सेटिंगमध्ये गेटवे म्हणून हाच पत्ता भरतात. आपल्या गटाबाहेरच्या कुणाशीही बोलायचं असलं की संगणक ते पॅकेट गेटवेच्या स्वाधीन करतो. पॅकेट म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, ज्याच्यावर पाठवणाऱ्याचा आणि पोहोचण्याचा असे दोन पत्ते असतात. कार्यालयातून प्रिंटरकडे जाणारं पॅकेट स्विच स्वतःच पोहोचवतो, कारण दोन्ही गट त्याला थेट जोडलेले आहेत. पण इंटरनेटवरच्या एखाद्या पत्त्याकडे जाणारं पॅकेट आलं तर त्याला स्वतःला काही ठाऊक नसतं. तिथं डिफॉल्ट रूट उपयोगी पडतो.

स्विच आणि फायरवॉल यांच्यामध्ये फक्त त्या दोघांसाठी एक छोटा दुवा ठेवलेला आहे, `10.10.99.0/30`. यात वापरण्याजोगे दोनच पत्ते मिळतात: `10.10.99.1` फायरवॉलचा आणि `10.10.99.2` स्विचचा. सिस्कोच्या स्विचवर ही मांडणी अशी दिसते:

```
ip routing
interface GigabitEthernet1/0/24
 no switchport
 ip address 10.10.99.2 255.255.255.252
ip route 0.0.0.0 0.0.0.0 10.10.99.1
```

शेवटची ओळ म्हणजे डिफॉल्ट रूट. तिचा अर्थ असा, की ज्या पत्त्याचा रस्ता माझ्याकडे वेगळा नोंदलेला नाही, तो कुठलाही असो, त्याचं पॅकेट फायरवॉलकडे द्यायचं. पहिली ओळही विसरायची नाही. अनेक स्विचवर एका गटातून दुसऱ्या गटात पॅकेट नेण्याचं काम मुळात बंद असतं आणि ते `ip routing` नंच सुरू होतं. `ip default-gateway` नावाची दिसायला जवळची आज्ञा आहे. पण हे काम बंद असताना स्विचला स्वतःला बाहेर बोलता यावं एवढ्यापुरतीच ती असते. व्हीलॅनमधल्या संगणकांना तिचा काही उपयोग नाही. `show ip route` दिल्यावर वरच `Gateway of last resort is 10.10.99.1 to network 0.0.0.0` असं दिसलं की ही बाजू ठीक आहे.

आता प्रश्न येतो तो असा: इंटरनेट फक्त कार्यालयाला आणि प्रयोगशाळेला द्यायचं आहे, मग डिफॉल्ट रूट फक्त त्या दोन व्हीलॅनसाठी कसा लिहायचा? तसा तो लिहिता येत नाही. रस्त्यांचा तक्ता पाहताना स्विच पॅकेटवरचा पोहोचण्याचा पत्ता बघतो. ते कुणी पाठवलं याच्याशी तक्त्याला देणंघेणं नसतं. कार्यालयातलं पॅकेट असो वा कॅमेऱ्यातलं, इंटरनेटवरच्या पत्त्यासाठी निघालं की दोघांनाही तीच ओळ लागू पडते. पाठवणाऱ्याकडे पाहून रस्ता ठरवण्याच्या वेगळ्या सोयी मोठ्या स्विचमध्ये असतात, एका स्विचमध्ये दोन स्वतंत्र तक्तेही ठेवता येतात. पण चार-पाच गटांच्या संस्थेला त्यांची गरज नसते आणि त्या सांभाळायला माणूसही नसतो. तेव्हा डिफॉल्ट रूट सगळ्यांना सारखा आहे हे मान्य करायचं आणि कुणी जायचं, कुणी नाही हा निर्णय पुढच्या दारावर सोपवायचा.

त्या दारावर फायरवॉल आहे. तिचा स्वतःचा तक्ता सुरुवातीला फार छोटा असतो. स्विचकडचा `10.10.99.0/30` हा दुवा तिला थेट जोडलेला आहे, तो तिला माहीत. इंटरनेट कंपनीकडचा दुवा माहीत. आणि बाकी सगळं इंटरनेट कंपनीकडे पाठवायचं असा तिचाही एक डिफॉल्ट रूट असतो. `10.10.10.0/24` नावाची रांग जगात आहे, ती स्विचच्या पलीकडे आहे, हे तिला आपोआप कळण्याचा काही मार्ग नाही. ते हातानं सांगावं लागतं. हाच परतीचा रूट. फोर्टिगेट फायरवॉलवर तो असा लिहितात:

```
config router static
    edit 2
        set dst 10.10.10.0 255.255.255.0
        set gateway 10.10.99.2
        set device "port2"
    next
end
```

म्हणजे `10.10.10` नं सुरू होणाऱ्या कुठल्याही पत्त्यासाठीचं पॅकेट `port2` मधून स्विचच्या हवाली करायचं. `10.10.20.0` साठी अशीच दुसरी नोंद. स्विचच्या बाजूला एकाच ओळीत सगळं जग मावतं, फायरवॉलच्या बाजूला मात्र आतला प्रत्येक गट नावानिशी सांगावा लागतो. तक्त्यात एकाच पत्त्याला दोन नोंदी लागू पडत असतील तर अधिक नेमकी जिंकते. `10.10.10.25` ला डिफॉल्ट रूटही लागू पडतो आणि ही `/24` ची नोंदही. नेमकी असल्यामुळे `/24` ची वापरली जाते. ती नोंद नसेल तर उरतो डिफॉल्ट रूट, आणि तो निघतो उलट दिशेला, इंटरनेट कंपनीकडे.

इथं एक रास्त शंका येते. फायरवॉल तर प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवते. आतल्या `10.10.10.25` या संगणकाची विनंती ती आपल्या सार्वजनिक पत्त्यावरून पुढं पाठवते, कारण `10` नं सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखलेले आहेत. १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात ते ठरलं. इंटरनेटवर त्यांना रस्ताच नसतो. उत्तर आलं की नोंद पाहून ती सार्वजनिक पत्ता पुसते आणि मूळचा `10.10.10.25` परत लिहिते. मग तिला ठाऊक नाही असं कसं? सरकारी कार्यालयातल्या आवक-जावक नोंदवहीसारखं हे आहे. आलेलं उत्तर कुठल्या माणसाच्या पत्राचं आहे हे वही सांगते. तो माणूस कुठल्या इमारतीत बसतो हे वहीत नसतं. पत्ता परत लिहून झाल्यावर पॅकेट कुठल्या दारानं आणि कुणाच्या हाती द्यायचं यासाठी फायरवॉलला रस्त्यांच्या तक्त्याकडेच वळावं लागतं. तिथं नोंद नसेल तर उत्तर दारापर्यंत येऊन हरवतं.

बऱ्याच फायरवॉल तर इतकंही होऊ देत नाहीत. आलेल्या प्रत्येक पॅकेटच्या बाबतीत त्या उलटा प्रश्न विचारतात: या पाठवणाऱ्याला मला काही धाडायचं असतं तर ते ज्या दारानं आलं त्याच दारानं धाडलं असतं का? उत्तर नाही आलं, तर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असावा असं समजून पॅकेट तिथंच टाकून देतात. खोट्या पत्त्यांचे हल्ले रोखायला ही तपासणी असते आणि ती योग्यच आहे. पण परतीचा रूट लिहायचा राहिला असेल तर आपलाच प्रामाणिक संगणक तिच्या लेखी तोतया ठरतो.

आता वाचनालयाकडे येऊ. कॉलेजनं व्हीलॅन ५० नवीन काढला, `10.10.50.0/24`. स्विचवर `10.10.50.1` हा पत्ता दिला, संगणकांना पत्ते वाटायची सोय केली आणि काम झालं असं समजलं. वाचनालयातल्या `10.10.50.21` या संगणकावरून `10.10.50.1` ला पिंग केलं तर उत्तर येतं. `10.10.99.2` लाही येतं, म्हणजे स्विचचं पलीकडचं टोक दिसतं आहे आणि संगणकात गेटवे बरोबर भरलेला आहे. `10.10.99.1` ला, म्हणजे फायरवॉलला, केलं तर शांतता. काही ठिकाणी फायरवॉल पिंगला उत्तरच देऊ नये असं ठरवलेलं असतं, म्हणून हाच पिंग कार्यालयातूनही करून पाहायचा. तिथून उत्तर येतं आणि वाचनालयातून येत नाही, असं असेल तर संशय परतीच्या रूटवर.

स्विचवरून केलेला पिंग माणसाला नेमका इथं फसवतो. नुसतं `ping 8.8.8.8` दिलं की स्विच पाठवणारा म्हणून बाहेर पडण्याच्या टोकाचा पत्ता लावतो, `10.10.99.2`. हा पत्ता तर फायरवॉलला थेट जोडलेला आहे. त्याला परतीचा रूट लागतच नाही. त्यामुळं फायरवॉलनं त्या पत्त्याला बाहेर जायची मुभा दिलेली असली की उत्तर येतं आणि पाहणाऱ्याचा समज होतो की स्विचपासून पुढं सगळं ठीक आहे. वाचनालयाच्या वतीनं पिंग करायचा असेल तर तसं सांगावं लागतं:

```
ping 8.8.8.8 source Vlan50
```

पहिल्या पिंगला पाच उद्गारचिन्हं आणि दुसऱ्याला पाच टिंबं आली, तर अर्धं निदान झालं. नवीन व्हीलॅन सुरू करताना ही एक ओळ चालवून पाहिल्याशिवाय काम संपलं असं म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

उरलेलं अर्धं निदान फायरवॉलवर होतं. `get router info routing-table details 10.10.50.21` विचारलं की कुठली नोंद लागू पडते ते ती सांगते. उत्तरात `0.0.0.0/0` दिसलं, तर वाचनालयाचं उत्तर इंटरनेट कंपनीच्या दिशेनं निघालं असतं हे स्पष्ट आहे. पॅकेटच्या प्रवासाचा माग काढणारी सोय चालू केली तर `reverse path check fail, drop` असे शब्द दिसतात, म्हणजे वर सांगितलेल्या उलट्या प्रश्नानंच ते अडवलं. `10.10.50.0/24` चा परतीचा रूट घातला की `10.10.99.1` कडून उत्तर येऊ लागतं.

पान मात्र अजूनही उघडत नाही. आता त्याच मागात वेगळे शब्द येतात: `Denied by forward policy check (policy 0)`. रस्ता झाला, परवानगी राहिली. फोर्टिगेटमध्ये नियमांच्या यादीच्या तळाशी, बाकी सगळ्यांना नकार असा एक न लिहिलेला नियम असतो. त्याचा क्रमांक शून्य. इंटरनेटच्या परवानगीच्या नियमात कार्यालय आणि प्रयोगशाळा यांच्या जोडीला वाचनालयाची रांग घालायची. पत्ता बदलण्याची व्यवस्था या रांगेलाही लागू आहे ना, ते पाहायचं. ती सुटली तर पॅकेट `10.10.50.21` हाच पत्ता मिरवत बाहेर पडतं आणि त्याला कधीच उत्तर मिळत नाही. फायरवॉलच्या नोंदीत त्या संभाषणापुढं गेलेली पॅकेटं दिसतात, आलेली शून्य. तीन ठिकाणी तीन वेगळ्या चुका, वापरणाऱ्याला लक्षण मात्र एकच, म्हणून हे सोडवताना क्रम पाळावा: आधी रस्ता, मग परवानगी, मग पत्त्याचा बदल.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत एक मोह होतो. कॅमेऱ्यांना इंटरनेट द्यायचंच नाही, मग व्हीलॅन ३० चा परतीचा रूट लिहायलाच कशाला हवा? तो नसला की उत्तरं येणार नाहीत, उत्तरं नाहीत म्हणजे इंटरनेट नाही. वरवर हे बिनतोड वाटतं आणि प्रत्यक्षात कॅमेऱ्याचं पान उघडतही नाही. तरी ही वाट चुकीची आहे, आणि का ते नीट पाहण्यासारखं आहे.

पहिलं म्हणजे, परतीचा रूट नसल्यानं उत्तर थांबतं, जाणारं पॅकेट थांबेलच असं नाही. उलट्या मार्गाची तपासणी बंद असेल आणि परवानगीचा नियम आतल्या सगळ्यांना असा ढोबळ लिहिलेला असेल, तर कॅमेऱ्यातून निघालेलं पॅकेट इंटरनेटवर पोहोचतं. यूडीपी पद्धतीत उत्तराची वाट न पाहताही माहिती पाठवता येते. आत येणं बंद केलं म्हणून बाहेर जाणं बंद होत नाही. दुसरं, उद्या कुणी नवीन व्हीलॅनच्या कटकटीला कंटाळून सगळ्यांसाठी मिळून `10.10.0.0/16` असा एकच मोठा परतीचा रूट घालेल. त्याच क्षणी कॅमेऱ्यांचं इंटरनेट सुरू होईल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही, कारण नकार म्हणून कुठंच लिहिलेलं नव्हतं; केवळ एक ओळ नव्हती. न लिहिलेली ओळ पाहून ती मुद्दाम वगळली की विसरली हे कुणालाही सांगता येत नाही.

तिसरं कारण रोजच्या कामातलं. कॅमेऱ्यांना इंटरनेट नको असलं तरी अचूक वेळ हवी असते, नाहीतर चोरीच्या चित्रणावर भलतीच वेळ उमटते. ती वेळ फायरवॉलकडूनच द्यायची सोपी सोय असते. कॅमेरा `10.10.99.1` ला वेळ विचारतो. त्याला उत्तर द्यायचं तर फायरवॉलला `10.10.30.0/24` कुठं आहे ते माहीत हवंच. प्राचार्यांना घरून व्हीपीएनमधून चित्रण पाहायचं असेल तरी तेच. त्यांचं पॅकेट व्हीपीएनमधून फायरवॉलपर्यंत येतं, तिथून परतीच्या रूटनं रेकॉर्डिंगच्या यंत्राकडे जातं, आणि त्या यंत्राचं उत्तर स्विचच्या डिफॉल्ट रूटनं फायरवॉलकडे येतं. म्हणजे इंटरनेट न मिळणारा गटही दोन्ही रूट रोज वापरतो.

म्हणून परतीचे रूट आतल्या प्रत्येक गटाचे लिहावेत आणि परवानगी मात्र नेमक्या रांगांनाच द्यावी: कार्यालय, प्रयोगशाळा, वाचनालय. कॅमेरे आणि हजेरीची यंत्रं यांच्यासाठी स्पष्ट नकाराचा एक नियम वेगळा लिहून त्याची नोंद ठेवायला सांगावं. न लिहिलेल्या नकारानंही तेच घडलं असतं, पण लिहिलेल्या नियमामुळं एक फायदा होतो. एखादा कॅमेरा परस्पर कुठल्या तरी परक्या सर्व्हरशी जोडून घ्यायचा प्रयत्न करत असेल, तर तो कोणता कॅमेरा आणि कुठल्या पत्त्याकडे जात होता, हे लॉगमध्ये सापडतं. परतीचा रूटच नसता तर ते पॅकेट नियमांपर्यंत पोहोचण्याआधीच गळून पडलं असतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये गेटवेची जागा रिकामी ठेवायची अशीही एक युक्ती वापरतात. जोडीला ती चालेल. पण कॅमेरा बदलायला आलेला माणूस सवयीनं ती जागा भरून टाकतो, तेव्हा भिस्त तिच्यावर नको.

या सगळ्या मांडणीची एक मर्यादा आहे आणि ती बऱ्याच जणांना उशिरा कळते. प्रयोगशाळेतून कार्यालयाकडे जाणारं पॅकेट फायरवॉलपर्यंत जातच नाही. दोन्ही गट स्विचला थेट जोडलेले असल्यामुळं स्विचच ते पोहोचवतो. फायरवॉलवर कितीही कडक नियम लिहिले तरी विद्यार्थ्याच्या संगणकावरून कार्यालयातल्या संगणकाकडे जाणारी वाट उघडीच राहते. ती बंद करायची तर स्विचवर यादी लावावी लागते:

```
ip access-list extended LAB-IN
 permit udp any any eq bootps
 deny ip any 10.10.10.0 0.0.0.255
 deny ip any 10.10.30.0 0.0.0.255
 deny ip any 10.10.40.0 0.0.0.255
 permit ip any any
interface Vlan20
 ip access-group LAB-IN in
```

पहिली ओळ संगणकांना पत्ता मागता यावा म्हणून आहे, मधल्या तीन ओळी आतल्या गटांना नकार देतात आणि शेवटची उरलेलं सगळं फायरवॉलकडे सोडते. ही यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिली लागू पडणारी ओळ अंतिम ठरते. हिच्यातही परतीचा प्रश्न आहेच. फायरवॉलसारखी संभाषणाची आठवण स्विच ठेवत नाही. कार्यालयातून प्रयोगशाळेतल्या संगणकाला काही विचारलं, तर त्याचं उत्तर हे प्रयोगशाळेतून कार्यालयाकडे निघालेलं पॅकेट असतं आणि दुसरी ओळ त्याला अडवते. कार्यालयाला तो संगणक पाहायचा असेल तर सुरू झालेल्या संभाषणाची उत्तरं सोडणारी, `established` शब्दाची आणखी एक परवानगी नकाराच्या आधी घालावी लागते. ती फक्त टीसीपीपुरती असते.

जागा वाचवायला म्हणून स्विच-फायरवॉल दुवा वेगळा न ठेवता फायरवॉलला कार्यालयाच्याच व्हीलॅनमध्ये `10.10.10.254` देऊन बसवतात, तेव्हा वेगळीच गंमत नसलेली अडचण उभी राहते. कार्यालयातल्या काही संगणकांत गेटवे म्हणून फायरवॉलचा पत्ता भरला जातो. असा संगणक हजेरीच्या `10.10.40.10` या यंत्राशी बोलू लागला की त्याचं पॅकेट फायरवॉलकडे जातं, तिथून स्विचकडे, तिथून यंत्राकडे. यंत्राचं उत्तर मात्र स्विचकडून थेट संगणकाकडे पोहोचतं. फायरवॉलला ते दिसतच नाही. संभाषणाची सुरुवात पाहिली पण समोरच्याचा होकार पाहिला नाही, म्हणून अनेक फायरवॉल त्यानंतरची पॅकेटं टाकून देतात. लक्षण असं की पिंग होतं, पान उघडत नाही. `/30` चा वेगळा दुवा ठेवला की जाणं आणि येणं एकाच वाटेनं होतं आणि हा प्रकार उद्भवत नाही. त्यासाठी स्विचचा फक्त एक पोर्ट खर्ची पडतो.

राहता राहिला तो `10.10.0.0/16` चा मोठा रूट. प्रत्येक नवीन व्हीलॅनला फायरवॉलवर हात लावायला नको म्हणून तो सोयीचा आहे, आणि परवानग्या नेमक्या लिहिलेल्या असतील तर तो वापरायला माझी हरकत नाही. पण त्याच्यासोबत स्विचवर एक ओळ घालावीच लागते. समजा व्हीलॅन ७७ पूर्वी होता, आता काढून टाकला आहे, पण वाचनालयातल्या एका संगणकात जुन्या प्रिंटरचा `10.10.77.5` हा पत्ता अजून साठवलेला आहे. त्याचं पॅकेट स्विचकडे येतं. स्विचकडे ७७ ची नोंद नाही, म्हणून डिफॉल्ट रूटनं ते फायरवॉलकडे जातं. फायरवॉलला वाटतं `10.10` म्हणजे आतलं, म्हणून ती परत स्विचकडे धाडते. फायरवॉल आल्या दारानं परत पाठवू देणारी असेल, तर दोघांमध्ये ते पॅकेट फिरत राहतं. प्रत्येक फेरीत त्याच्यावरचा आयुष्याचा आकडा कमी होतो आणि शून्य झाला की ते मरतं. विंडोज संगणकावरून निघताना हा आकडा सहसा १२८ असतो. एका पॅकेटनं काही बिघडत नाही, पण विषाणू लागलेला एखादा संगणक आतले सगळे पत्ते चाचपू लागला की हीच फिरती पॅकेटं दुवा भरून टाकतात. `tracert -d 10.10.77.5` चालवलं की पडद्यावर `10.10.99.1` आणि `10.10.99.2` आळीपाळीनं येत राहतात. काढून टाकलेल्याच नव्हे, एखाद्या चालू व्हीलॅनचे सगळे पोर्ट सुट्टीत बंद असले तरी स्विच त्याची नोंद तक्त्यातून उतरवतो आणि त्याच्या बाबतीतही हेच घडतं.

त्यावरचा उपाय स्विचवर आहे:

```
ip route 10.10.0.0 255.255.0.0 Null0
```

`Null0` म्हणजे टाकून द्यायची जागा. चालू व्हीलॅनच्या `/24` च्या नोंदी जास्त नेमक्या असल्यामुळं त्यांच्यावर आणि `10.10.99.0/30` या दुव्यावर काही परिणाम होत नाही. इंटरनेटचे पत्ते `10.10` नं सुरू होत नसल्यामुळं ते पूर्वीसारखेच डिफॉल्ट रूटनं जातात. फक्त आतल्या, पण अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांची पॅकेटं स्विचवरच संपतात. ओळ घातल्यावर `tracert` पुन्हा चालवला की `10.10.50.1` च्या पुढं एकही टप्पा दिसत नाही.